जपानी नोकरीच्या जाहिरातीत पगार, कामाचे तास आणि कराराचा प्रकार कसा वाचायचा?

प्रश्न: पुण्यात जावा डेव्हलपर आहे, चार वर्षांचा अनुभव, जपानी एन-टू झालं आहे. टोकियोच्या दोन जाहिराती बाजूला काढल्यात. पहिली: 正社員, 月給30万円(固定残業代45時間分を含む), 賞与年2回, 週休2日制, 年間休日110日. दुसरी: 契約社員(1年更新), 月給26万円, 賞与なし, 完全週休2日制(土日祝), 年間休日125日, フレックス. पहिलीत पगार जास्त आणि नोकरी पर्मनंट, मग तीच घ्यावी ना? की मी काही चुकीचं वाचतोय?

उत्तर:

वाचताय बरोबर, पण प्रत्येक रकाना सुटा वाचताय. जपानी जाहिरातीत पगाराचा आकडा तासांच्या रकान्याशिवाय अर्धवट असतो आणि 正社員 हा शब्द कामाच्या जागेच्या रकान्याशिवाय. तुमच्या दोन जाहिरातींपैकी कुठली बरी, हे दोन गोष्टींवर ठरेल: महिन्याला प्रत्यक्षात किती ओव्हरटाइम होतो आणि पहिल्या कंपनीत तुम्ही बसणार कुठे. त्या दोन्ही गोष्टी तुम्ही दिलेल्या ओळींत नाहीत, पण कुठे शोधायच्या ते सांगतो.

आधी पगार. 万 म्हणजे दहा हजार, त्यामुळे आपल्याला हिशोब सोपा आहे: आकड्याला दहाने भागलं की लाख. 30万円 म्हणजे ३ लाख येन. 月給 (गेक्क्यू) म्हणजे मूळ पगार अधिक दरमहा ठरलेले भत्ते. 月収 (गेश्शू) लिहिलं असेल तर त्यात बदलता ओव्हरटाइमही धरलेला असू शकतो, म्हणून तो आकडा तुलनेला घेऊ नका. आणि तुम्हाला खरा हवा तो आकडा आहे 基本給 (किहोनक्यू), म्हणजे मूळ पगार. बोनस बहुतेक ठिकाणी त्यावर मोजतात आणि ओव्हरटाइमच्या दराचा पायाही मुख्यतः तोच.

पहिल्या जाहिरातीत 固定残業代 (कोतेइ झानग्योदाइ) आहे. काही ठिकाणी हेच みなし残業 किंवा 定額残業代 म्हणून येतं. अर्थ असा की ४५ तासांच्या ओव्हरटाइमचे पैसे आधीच पगारात घातलेत. महिन्याला दहाच तास जादा काम केलंत तरी ती रक्कम पूर्ण मिळते आणि ४५ च्या पुढच्या प्रत्येक तासाचे पैसे कंपनीने वेगळे द्यायचे असतात. म्हणजे पद्धत बेकायदेशीर नाही, आणि ओव्हरटाइम खरोखर कमी असेल तर कर्मचाऱ्याच्या फायद्याचीच आहे. अडचण एवढीच की ठळक अक्षरातला ३ लाख हा आकडा तुमच्या ठरलेल्या वेळेच्या कामाचा नाही.

अशा जाहिरातीत तीन गोष्टी स्पष्ट लिहिणं बंधनकारक आहे: ही रक्कम वगळून मूळ पगार किती, रक्कम किती आणि ती किती तासांची, आणि त्यापेक्षा जास्त काम झालं तर वेगळे पैसे देणार (超過分は別途支給) हे वाक्य. तुम्ही उतरवलेल्या ओळीत फक्त तास आहेत. बऱ्याचदा बाकीचा तपशील खाली 給与詳細 किंवा 備考 मध्ये बारीक अक्षरात असतो, तो उघडून बघा. तिथेही नसेल तर अर्ज करण्याआधी विचारा. विचारूनही मोघम उत्तर आलं तर मी ती जाहिरात सोडून देण्याचा सल्ला देतो. जी कंपनी जाहिरातीत फोड दाखवत नाही, तिची पगारपत्रकावरची फोडही तपासतच बसावी लागते. सरकारी रोजगार केंद्राच्या, म्हणजे ハローワーク च्या पत्रकात हा घोळ कमी होतो. तिथे a मूळ पगार, b ठरलेले भत्ते, c 固定残業代 असे वेगळे रकानेच छापलेले असतात.

समजा तपशिलात असं निघालं: 基本給 225,000円, 固定残業代 75,000円(45時間分). ही रक्कम पुरेशी आहे का, ते घरबसल्या तपासता येतं.

```
月平均所定労働時間 = (365 − 年間休日) × 8 ÷ 12
基本給 ÷ 月平均所定労働時間 × 1.25 × 45
```

वर्षाला ११० सुट्ट्या म्हणजे २५५ दिवस काम. रोज ८ तास धरले तर महिन्याला सरासरी १७० तास. २,२५,००० भागिले १७०, म्हणजे तासाला साधारण १,३२४ येन. ओव्हरटाइमला किमान २५ टक्के जादा, म्हणजे १,६५४ येन. असे ४५ तास म्हणजे सुमारे ७४,४५०. कंपनी ७५,००० देतेय, म्हणजे हिशोब बसतो. उत्तर ७५,००० च्या वर गेलं असतं तर एक तर मूळ पगाराची फोड चुकीची किंवा तासांचा आकडा खोटा, असं समजायचं. (जपानी कंपन्या बेरीज बसवताना कधीकधी अगदी काठावर बसवतात, म्हणून वर्षाच्या सुट्ट्यांचा आकडा हिशोबात घ्यायला विसरू नका.)

तासाचा हाच दर किमान वेतनाशीही ताडून बघा. टोकियोत ते ऑक्टोबर २०२४ पासून तासाला १,१६३ येन होतं आणि दरवर्षी वाढतंय, प्रत्येक प्रांताचं वेगळं असतं. मूळ पगार २ लाख आणि वर्षाला १०५ सुट्ट्या अशी जाहिरात असेल तर तासाला १,१५४ येनच पडतात, म्हणजे तेव्हाच्या किमान वेतनाच्याही खाली. बाहेरून मात्र तीच जाहिरात 月給26万円 अशी छान दिसते. दुसरी एक सीमा लक्षात ठेवा: ओव्हरटाइमची सर्वसाधारण कायदेशीर मर्यादा महिन्याला ४५ तास आणि वर्षाला ३६० तास आहे. ३६० भागिले १२ म्हणजे ३०. त्यामुळे ४५ तासांची रक्कम ठेवलेल्या कंपनीत दर महिन्याला ४५ तास काम करवून घेणं मुळात या मर्यादेत बसत नाही. 60時間分 किंवा 80時間分 दिसलं तर पुढे वाचायची गरज नाही.

आता तुमच्या दुसऱ्या जाहिरातीला तीच मोजपट्टी लावू. १२५ सुट्ट्या, २४० दिवस, महिन्याला १६० तास. २,६०,००० भागिले १६०, म्हणजे तासाला १,६२५ येन. ओव्हरटाइमचा दर २,०३१. मूळ दरात ही जाहिरात पहिलीपेक्षा तासाला ३०० येनांनी वर आहे. महिन्याला २० तास जादा काम झालं की २ लाख ६० हजारांचे ३ लाखांच्या किंचित वर जातात. म्हणजे २० तासांना दोन्हींचा महिन्याचा पगार सारखाच. त्यापेक्षा कमी ओव्हरटाइम असेल तर पहिली जास्त देते, जास्त असेल तर दुसरी.

पण बोनस मध्ये येतो. पहिलीत 賞与年2回 आहे. पुढे 昨年度実績2か月分 असं काही लिहिलंय का बघा. हे दोन महिने ३ लाखांचे नसतात, मूळ पगाराचे म्हणजे साडेचार लाख. 実績 याचा अर्थ मागच्या वर्षी एवढा दिला इतकाच, या वर्षीचं ते वचन नाही. शिवाय बोनससाठी आधीच्या काही महिन्यांचा काळ धरतात, त्यामुळे पहिल्या वर्षी तो बहुधा अर्धवट मिळतो किंवा नुसती 寸志 नावाची छोटी रक्कम हातावर ठेवतात. दोन महिन्यांचा बोनस पूर्ण मिळाला असं धरलं तर पहिलीचं वर्षाचं उत्पन्न ४०.५ लाख येन. दुसरीला तिथे पोचायला महिन्याला साधारण ३८ तास ओव्हरटाइम करावा लागेल. तेव्हा फक्त पैशाने बघितलं आणि बोनस खरा निघाला, तर पहिली पुढे आहे. त्यासाठी वर्षाला १५ दिवस जास्त कामावर जायचं, हे त्याच हिशोबात धरा.

वार्षिक पगार लिहिणाऱ्या जाहिरातींबद्दल जाता जाता: 年俸420万円 च्या शेजारी (1/14を毎月支給) असं काही असेल तर महिन्याला 35万 नव्हे, 30万 च येतात, म्हणजे ३ लाख. उरलेले दोन भाग बोनस या नावाने देतात. モデル年収 हा आधीच तिथे काम करणाऱ्या कुणाचा तरी आकडा असतो, त्याकडे दुर्लक्ष करा. आणि 26万〜45万円 अशा पट्ट्यात नवख्या परदेशी माणसाने खालचा आकडा धरून चालावं.

तासांकडे येऊ. 週休2日制 आणि 完全週休2日制 यांत फरक एका शब्दाचा दिसतो, पण तोच तुमच्या १५ दिवसांचा उगम आहे. 完全 असेल तर दर आठवड्याला दोन सुट्ट्या. नसेल तर महिन्यातून किमान एका आठवड्यात दोन सुट्ट्या, बाकीच्या आठवड्यांत एकही चालते. पुढे कंसात (土日祝) असेल तर शनिवार, रविवार आणि राष्ट्रीय सुट्ट्या. नुसतं (土日) असेल तर राष्ट्रीय सुट्टीला कामावर यावं लागू शकतं. पण या नावांपेक्षा 年間休日 चा आकडा जास्त भरवशाचा. दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४० तास या कायदेशीर मर्यादेत बसायला वर्षाला किमान १०५ सुट्ट्या लागतात. त्यामुळे १०५ दिसलं की समजायचं, कंपनीने किमान तेवढंच दिलंय. शनिवार-रविवार आणि राष्ट्रीय सुट्ट्या सगळ्या मिळाल्या की आकडा १२० च्या आसपास जातो. १२५ मध्ये बहुधा नववर्षाच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्या धरलेल्या असतात.

तुमच्या पहिल्या जाहिरातीत ११० आहे आणि 完全 नाही, म्हणजे बहुधा काही शनिवार कामाचे. सहा दिवसांचा आठवडा ४८ तासांचा होतो, मग वरचे ८ तास ओव्हरटाइम का नाहीत? त्यासाठी जाहिरातीत 1年単位の変形労働時間制 असं लिहिलेलं सापडायला हवं. या पद्धतीत वर्षभराची सरासरी आठवड्याला ४० तास धरतात आणि कामाचे शनिवार आधीच दिनदर्शिकेत ठरलेले असतात. हे कुठेच लिहिलेलं नसेल तर तो शनिवार ओव्हरटाइम ठरतो. मग विचारायचं की ते पैसे त्या ४५ तासांतच मोजता का. तुमच्या प्रश्नात ही ओळ नाही, म्हणून हे नक्की तपासा.

फ्लेक्सच्या बाबतीत コアタイム बघा. コアタイム 11:00〜15:00 म्हणजे तेवढा वेळ हजर असलंच पाहिजे, बाकी येण्या-जाण्याची वेळ तुमची. यात ओव्हरटाइम दिवसावर नाही, ठरलेल्या काळाच्या (बहुधा महिन्याच्या) एकूण तासांवर मोजतात. सोमवारी दहा तास बसलात आणि शुक्रवारी सहा तासांत निघालात, तर सोमवारचे दोन तास जादा धरत नाहीत. सोयीची पद्धत आहे, पण वेळेची नोंद स्वतःकडेही ठेवा.

फ्लेक्ससारखाच दिसणारा, पण अगदी वेगळा शब्द म्हणजे 裁量労働制 (साइर्यो रोदोसेइ). त्यात कितीही तास काम केलंत तरी ठरवलेले तास, उदाहरणार्थ 1日8時間, एवढेच धरले जातात. ही पद्धत ठरावीक कामांनाच लागू होते. माहिती प्रणालीचं विश्लेषण आणि आराखडा करणारे त्यात येतात, पण दुसऱ्याच्या आराखड्यावरून फक्त प्रोग्राम लिहिणारा त्यात बसत नाही. एप्रिल २०२४ पासून तज्ज्ञ प्रकारच्या या पद्धतीला कर्मचाऱ्याची वैयक्तिक संमतीही लागते, आणि ती नाकारली म्हणून त्याला त्रास देता येत नाही. तुमच्या कामाचं वर्णन プログラミング, テスト असं असेल आणि वर 裁量労働制 लिहिलं असेल, तर तिथे काहीतरी जुळत नाही.

残業月平均20時間 या आकड्याकडे मात्र जपून बघा. तो सगळ्या कंपनीचा असतो, त्यात कचेरीतली लोकंही येतात. तुम्हाला हवा तुमच्या विभागाचा. वर २०, ३८ असे जे आकडे आले ते याच उत्तरावर फिरतात.

शेवटी कराराचा प्रकार. 正社員 (सेइशाइन) म्हणजे मुदत नसलेला करार, इतकंच ठामपणे म्हणता येतं. तुम्ही कुठे बसाल आणि कुणाचं काम कराल, हे त्यात येत नाही. आयटीत तर नक्की 勤務地 वाचा. तिथे 東京23区内のプロジェクト先 किंवा वर्णनात 客先常駐 असेल, तर कंपनी तुम्हाला नोकरीवर ठेवून ग्राहकाच्या कचेरीत बसवणार. त्यात वाईट काहीच नाही, बरेच भारतीय अभियंते तसेच सुरुवात करतात. पण मग जाहिरातीतल्या 年間休日 आणि कामाच्या वेळा ग्राहकाच्या वेळापत्रकावर अवलंबून राहतात, आणि एक प्रकल्प संपून दुसरा मिळेपर्यंतच्या काळात पगाराचं काय, हे विचारावंच लागतं. त्या काळाला 待機 म्हणतात. कंपनीच्या कारणाने काम नसेल तर कायद्याने सरासरी वेतनाच्या किमान ६० टक्के द्यावेच लागतात, पण चांगल्या कंपन्या पूर्ण पगार देतात आणि तसं लिहितातही. एप्रिल २०२४ पासून जाहिरातीत काम आणि जागा बदलू शकत असेल तर त्याची व्याप्ती, म्हणजे 変更の範囲, लिहावी लागते. तिथे 会社の定める場所 असेल तर कंपनी सांगेल तिथे, असा सरळ अर्थ घ्या.

पर्मनंट शब्दावर विसंबण्याआधी 試用期間 ही ओळ वाचा. तीन ते सहा महिन्यांचा परीक्षाकाळ नेहमीचाच. 期間中の条件に変更なし असेल तर उत्तम. 試用期間中は契約社員 असेल तर तुमचा पहिला करार मुदतीचाच आहे.

契約社員 (केइयाकु शाइन) म्हणजे मुदतीचा करार. सामाजिक विमा, भरपगारी रजा, ओव्हरटाइम हे सगळं लागू होतं, म्हणून आपल्याकडच्या कंत्राटी कामगाराची प्रतिमा डोळ्यांपुढे आणू नका. खरा प्रश्न नूतनीकरणाचा आहे. 更新あり एवढं पुरत नाही, तर 更新上限 बघायचं. एकूण मुदतीची किंवा नूतनीकरणाच्या संख्येची मर्यादा असेल तर ती आता जाहिरातीत द्यावीच लागते. एकाच मालकाकडे मुदतीचे करार मिळून ५ वर्षांच्या वर गेले की कर्मचारी अर्ज करून करार बेमुदत करून घेऊ शकतो. म्हणूनच 通算契約期間の上限5年 अशी ओळ दिसते: पाच वर्षांवर थांबवलं की तो हक्क तयारच होत नाही. 正社員登用制度あり लिहिलं असेल तर गेल्या काही वर्षांत किती जण खरोखर कायम झाले ते विचारा, म्हणजे 登用実績.

業務委託 ही मात्र नोकरीच नाही. तिथला 月額60万円 हा आकडा पगार नसून तुमच्या सेवेची किंमत आहे. ओव्हरटाइम नाही, मालकाच्या वाट्याचा विमा नाही. पहिल्यांदा व्हिसा घेऊन येणाऱ्याने हे शोधाच्या गाळणीतूनच काढून टाकावं.

तुमच्या निवडीबद्दल माझं मत असं. पहिली कंपनी स्वतःच्या कचेरीत बसवणार असेल, फोड लिहून देत असेल आणि तुमच्या विभागाचा ओव्हरटाइम ३० तासांच्या आत असेल, तर पहिली. यातलं एकही उत्तर टाळलं गेलं आणि दुसरीत 更新上限 नसेल, तर मी दुसरी घ्यायला सांगेन. एका वर्षाचा स्वच्छ करार, खरा मूळ पगार आणि १२५ सुट्ट्या यांच्या जोरावर जपानमध्येच पुढची नोकरी शोधणं सोपं जातं. एजंटला किंवा कंपनीला हे असंच पाठवा, यात उद्धटपणा नाही:

```
基本給と固定残業代の内訳を教えていただけますか。
配属予定部署の月平均残業時間はどのくらいでしょうか。
実際の就業場所は自社内でしょうか、客先でしょうか。
契約更新の上限はございますか。
```

सही करण्याआधी 労働条件通知書 (रोदो जोकेन त्सूचिशो) हातात घ्या आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट शेजारी ठेवून ओळीने ताडा. जाहिरात म्हणजे करार नव्हे, हा कागद महत्त्वाचा. त्यातला मूळ पगार जाहिरातीपेक्षा कमी आणि 固定残業代 जास्त झालेला दिसला तर पुण्यातूनच विचारा, तिकीट काढल्यावर नाही. आणि जपानला पोचल्यावर प्रत्यक्ष अटी या कागदापेक्षा वेगळ्या निघाल्या, तर श्रम मानक कायद्याच्या १५ व्या कलमाने करार तिथल्या तिथे मोडता येतो. नोकरीसाठी घर बदलून आलेला कर्मचारी त्यानंतर १४ दिवसांच्या आत परत जात असेल तर प्रवासखर्च मालकाने द्यायचा असतो.